‘इस्कूल’मधला ‘इ’ कुठून येतो?

प्रश्न : ‘स्कूल’, ‘स्ट्रीट’ म्हणताना तोंडून ‘इस्कूल’, ‘इस्ट्रीट’ असंच निघतं. सावकाश म्हटलं की ‘सकूल’ होतं. हा जादा स्वर कसा घालवायचा?

‘इ’चा उगम जिभेत शोधू नका, तो घशात आहे. स्वर उच्चारताना स्वरतंतू थरथरतात. ‘स’ आणि ‘क’ मात्र अघोष, म्हणजे त्यांना नुसता श्वास पुरतो. त्यामुळे ‘स्कूल’ म्हणताना ‘ऊ’ येईपर्यंत घसा शांत हवा. दोन बोटं गळ्याच्या घाटीवर ठेवून शब्द म्हणा. ‘स’च्या आधीच थरथर जाणवली तर ‘इस्कूल’ झालं. ‘स’ आणि ‘क’च्या मध्ये जाणवली तर ‘सकूल’. दोन्ही चुका आवाज वेळेआधी सुरू झाल्याच्या आहेत, पण त्यांवरचे उपाय वेगळे आहेत.

‘इ’ पुढे लागत असेल तर आधी शब्द विसरा आणि दात जवळ आणून दोन सेकंद नुसतं ‘स्स्स्स’ करा. आवाज नाही, फक्त फुसकारा. तो चालू असतानाच त्याच श्वासात ‘कूल’ म्हणा : ‘स्स्स्सकूल’. पाच-सहा वेळा जमलं की फुसकारा हळूहळू आखूड करत आणा. एकदम आखूड केलात तर ‘इ’ परत येतो.

‘सकूल’ होत असेल तर फुसकारा आणि ‘क’ यांच्यात फट पडते आहे. ‘स’ संपवून, थांबून ‘क’कडे गेलात की त्या फटीत ‘अ’ शिरतो. देवनागरीत सुट्या ‘स’मध्ये ‘अ’ असतोच, ती सवय इथे नडते. फुसकारा आपण थांबवायचा नाही. जिभेचा मागचा भाग वर जाऊन ‘क’साठी वाट बंद करतो, त्यानेच तो तुटला पाहिजे.

इथे मराठी माणसाला एक सोय आहे. इंग्रजीत शब्दारंभी एकट्या ‘क’मागे हवेचा झोत येतो, ‘कूल’ जवळजवळ ‘खूल’ ऐकू येतं. ‘स’नंतर मात्र तो झोत नसतो, आपला साधा ‘क’च हवा.

‘स्ट्रीट’ अवघड, कारण तिथे तीन व्यंजनं आहेत आणि स्वर शिरायला दोन जागा : ‘इस्ट्रीट’ आणि ‘स्टिरीट’. खरं तर ‘स्त्री’मध्ये हीच रचना आहे (बोलीत तिचीही ‘अस्तुरी’ झालीच). तेव्हा आधी ‘स्त्री’ स्वच्छ म्हणा, मग शेवटी ‘ट’ जोडा : ‘स्त्रीट’. आता फक्त ‘त’ची जागा बदलायची. आपल्या ‘ट’साठी जीभ मागे वळते. इंग्रजीत तिचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकतं, म्हणजे ‘स’ जिथे झाला तिथेच. जीभ मागे न्यावी लागली नाही की फट पडत नाही.

राहिला ‘र’. मराठी ‘र’ला जिभेचा ठोका लागतो. ‘ट’हून सुटून पुन्हा ठोका मारेपर्यंत मध्ये स्वर डोकावतो. इंग्रजी ‘र’ला ठोका नाही : टोक कुठेही टेकत नाही आणि ओठ किंचित गोल होतात. म्हणून ओठ ‘स’पासूनच गोल ठेवा, म्हणजे ‘ट’ सुटताच ‘र’ तयार असतो.

स्वर कधी पुढे, कधी मध्ये का शिरतो, हेही पाहण्यासारखं आहे. ‘क’, ‘ट’, ‘प’ हवा पूर्ण अडवतात, त्यामुळे त्यांच्या आधीचा ‘स’ एकटा पडतो आणि टेकायला मागे स्वर मागतो. ‘ल’मध्ये हवा वाहती राहते, तिथे स्वर जोडाक्षराच्या पोटात शिरतो : स्लेटची ‘सिलेट’, प्लॅटफॉर्मचा ‘फलाट’. नियम मात्र पक्का नाही, पंजाबी वळणात ‘सकूल’च रूढ आहे. लॅटिनमधून निघालेल्या भाषांनीही हेच केलं. स्पॅनिशमध्ये शाळा ‘एस्क्वेला’ झाली, फ्रेंचमध्ये तसा ‘ए’ लागल्यावर पुढे ‘स’च गळून ‘एकोल’ उरलं. त्यामुळे ‘इस्कूल’ला अडाणीपणा म्हणणं मला मान्य नाही.

‘फलाट’ मराठी झाला, तो तसाच बोलावा. इंग्रजी बोलताना मात्र जादा स्वराने शब्दच बदलू शकतो. ‘स्पोर्ट’ म्हणजे खेळ आणि ‘सपोर्ट’ म्हणजे आधार. ‘स्टेट’ म्हणजे राज्य आणि ‘इस्टेट’ म्हणजे मालमत्ता. ‘स्टीम’ म्हणजे वाफ आणि ‘इस्टीम’ म्हणजे आदर. याच जोड्या तपासणीला वापरा. समोरच्याला पाठ करून बसवा, जोडीतला कुठलाही एक शब्द म्हणा आणि तो कोणता ते त्याला ओळखू द्या. ‘स्पोर्ट’ चुकलं तर फट बुजवायचा सराव करा. ‘स्टेट’ किंवा ‘स्टीम’ चुकलं तर लांब फुसकाऱ्याचा.