एसीच्या गणितात करंट पुढे की मागे, हे नेमकं कसं ठरवायचं?

प्रश्न: इंडक्शन आणि एसीची सूत्रं पाठ आहेत. इम्पिडन्स, करंट बरोबर येतात, पण जुन्या पेपरमधल्या फेज आणि रिॲक्टन्सच्या प्रश्नांत करंट पुढे की मागे इथे हमखास गडबड होते. काय चुकतंय?

उत्तर:

बहुतेक वेळा दोन ठिकाणी चिन्ह हरवतं. एक इंडक्शनच्या सूत्रात आणि दुसरं इम्पिडन्सच्या सूत्रात.

आधी इंडक्शन. `e = −L di/dt` मधला e हा कॉइलमध्ये तयार होणारा विरोधी ईएमएफ आहे. आपण फेज मोजतो तो मात्र सोर्सच्या व्होल्टेजशी. सोर्सला हा विरोध मोडून करंट ढकलायचा असतो, म्हणून शुद्ध कॉइलसाठी सोर्सचं व्होल्टेज `v = +L di/dt`. उणे चिन्ह तसंच ठेवून पुढे गेलात तर कॉइलमध्ये करंट 90° पुढे निघतो. गणित बिनचूक दिसतं, पण उत्तर उलटं असतं. मी स्वतः बरेच दिवस हीच चूक करत होतो आणि दोष पाठांतराला देत होतो.

हे एकदा आलेखावर बघा. करंटची साइन लाट काढा. ती शून्यातून वर जाते तिथे तिचा चढ सगळ्यात तीव्र असतो, म्हणजे त्या क्षणी v कमाल असतो. करंट शिखरावर पोचतो तेव्हा चढ शून्य असतो, म्हणून v शून्य. व्होल्टेजचं शिखर आधी येऊन गेलं आणि करंटचं पाव आवर्तनानंतर आलं, म्हणजे करंट मागे. कपॅसिटरमध्ये `i = C dv/dt`, तिथे दोघांच्या भूमिका बदलतात आणि करंट पुढे जातो. हे चित्र हाताने दोनदा काढलं की पाठ करायला काही उरत नाही.

आता दुसरी जागा. `Z = √(R² + X²)` मध्ये X चा वर्ग होतो आणि वर्ग झाला की चिन्ह गेलं. 4 ओहमची कॉइल असो की 4 ओहमचा कपॅसिटर, Z तोच येतो. म्हणून मी `X = X_L − X_C` चिन्हासकट वेगळं लिहून त्याला चौकट करतो आणि मगच Z काढतो. X धन असेल तर करंट मागे, ऋण असेल तर पुढे.

जुन्या पेपरांमध्ये वारंवार दिसणाऱ्या एका प्रकारात हे फार छान उघडं पडतं. एक कॉइल 12 V डीसीला जोडली की 4 A घेते. तीच कॉइल 12 V, 50 rad/s च्या एसीला जोडली की 2.4 A. कॉइलचं इंडक्टन्स काढा. मग तिच्याशी सिरीजमध्ये 2500 μF चा कपॅसिटर जोडला तर पॉवर किती?

स्थिर डीसीमध्ये di/dt शून्य, म्हणून कॉइल फक्त रेझिस्टन्स दाखवते: `R = 12/4 = 3 Ω`. एसीवर `Z = 12/2.4 = 5 Ω`. म्हणून `X_L = √(25 − 9) = 4 Ω` आणि `L = 4/50 = 0.08 H`. इथे 50 हा थेट ω आहे, एकक rad/s दिलंय. सवयीने तो हर्ट्झ समजून 2π ने गुणलंत तर L जवळपास 0.0127 H येतो, आणि पर्यायांमध्ये तोही बसलेला असू शकतो. एकक बघितल्याशिवाय 2π लावू नका.

कपॅसिटरचा रिॲक्टन्स `X_C = 1/(50 × 2500×10⁻⁶) = 8 Ω`. चौकटीतला X झाला `4 − 8 = −4 Ω`. Z पुन्हा 5 Ω, करंट पुन्हा 2.4 A, पॉवर `I²R = 2.4² × 3 = 17.28 W`. कपॅसिटर नसतानाही पॉवर एवढीच होती. पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा मी उत्तर खोडलं होतं. कपॅसिटर घालूनही काहीच बदलत नाही म्हणजे कुठेतरी चुकलं असणार, असं वाटलं.

बदललं ते फक्त फेज. आधी करंट 53° मागे होता, आता 53° पुढे आहे. `tan φ = X/R` मध्ये +4/3 च्या जागी −4/3 आलं, एवढंच. पॉवर फॅक्टर दोन्ही वेळा 0.6, कारण कोसाइनलाही चिन्ह दिसत नाही. म्हणून नुसता करंट, Z किंवा पॉवर देऊन 'करंट पुढे की मागे' विचारलं असेल तर उत्तर त्या आकड्यांतून निघूच शकत नाही. प्रश्नात दुसरी काहीतरी खूण असणारच, ती शोधायची.

ती खूण बहुधा फ्रिक्वेन्सी किंवा कपॅसिटन्स बदलल्याची असते. वरच्या सर्किटमध्ये कपॅसिटर 5000 μF चा असता तर X_C बरोबर 4 Ω, X शून्य आणि करंट 4 A झाला असता, म्हणजे रेझोनन्स. 2500 μF घेऊन आपण तो टप्पा ओलांडून पलीकडे गेलो आणि पलीकडे तेवढ्याच अंतरावर उतरलो, म्हणून आकडे जुळले. आता ω थोडा वाढवला तर? नुसत्या कॉइलमध्ये X_L वाढतो आणि करंट घटतो. कपॅसिटरसकट मात्र X_L वाढतो, X_C घटतो, −4 शून्याकडे सरकतो आणि करंट वाढतो. ω साधारण 70.7 rad/s ला पोचला की रेझोनन्स. म्हणजे 'फ्रिक्वेन्सी वाढवल्यावर करंट वाढला' असं एक वाक्य प्रश्नात सापडलं, की या सिरीज सर्किटमध्ये करंट पुढे होता हे कळतं.

याच सर्किटवर व्होल्टमीटरचा उपप्रश्न विचारतात आणि तो जास्त फसवा आहे. कपॅसिटरवर `2.4 × 8 = 19.2 V`, सोर्सपेक्षा जास्त. त्यात चूक काही नाही, L आणि C चे व्होल्टेज एकमेकांच्या उलट असल्यामुळे ते बरंचसं आपसात कापलं जातं. गोंधळ होतो कॉइलवर. मीटर कॉइलच्या दोन टोकांना लावला तर 9.6 V दिसणार नाहीत, 12 V दिसतील, कारण कॉइलचा 3 Ω तिच्या आतच आहे: `√(7.2² + 9.6²) = 12`. आता काही जण 19.2 आणि 12 घेऊन थेट वजाबाकी करतात आणि 7.2 V काढतात, काही जण वर्गांची वजाबाकी करून साधारण 15 V. सोर्स 12 V चा आहे हे डोळ्यांसमोर असूनही! कॉइलचं व्होल्टेज करंटच्या 53° पुढे, कपॅसिटरचं 90° मागे, म्हणजे दोघांमध्ये 143° चा कोन. तो ना 90° आहे ना 180°, म्हणून दोन्ही सोप्या वाटा बंद. कॉइलचे 7.2 आणि 9.6 असे दोन भाग करा, 9.6 मधून 19.2 वजा करा, मग `√(7.2² + 9.6²)` पुन्हा 12 येतो.

एक मर्यादाही लक्षात ठेवा: डीसीवर काढलेला R एसीवर तसाच वापरणं हे गणितापुरतं ठीक आहे. कॉइलमध्ये लोखंडी गाभा असेल तर एडी करंट आणि हिस्टेरेसिसमुळे एसीवर जास्त पॉवर खर्च होते. प्रत्यक्षात वॉटमीटरच्या वाचनाला I² ने भागून आलेला R डीसीच्या R पेक्षा मोठा दिसला, तर फरक तिथून आला असण्याची दाट शक्यता. पेपरात वॉटमीटरचा आकडा दिला असेल तर R त्यावरूनच काढा.

समीकरणं देऊन फेज विचारतात तेव्हा सापळा वेगळा असतो. `e = 200 sin(314t + π/6)` आणि `i = 5 cos(314t − π/3)` बघितलं की हात लगेच π/6 आणि −π/3 ची वजाबाकी करून 90° लिहितो, पॉवर शून्य लिहून मोकळा होतो. आधी कोसाइनचा साइन करा, म्हणजे कोनात π/2 मिळवा. `−π/3 + π/2 = π/6`. दोन्ही एकाच फेजमध्ये आहेत, सर्किट नुसत्या 40 Ω रेझिस्टन्ससारखं वागतंय आणि सरासरी पॉवर `200 × 5 / 2 = 500 W`. इथले 200 आणि 5 शिखरमूल्यं आहेत, म्हणून 2 ने भागायचं. वरच्या गणितातले 12 आणि 2.4 आरएमएस होते, तिथे भागायचं नव्हतं.

शेवटी इंडक्शन आणि एसी एकत्र आणणारा प्रकार, माझ्या मते सगळ्यात चांगला. वरची कॉइल आता चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या गुंडाळीने चालणाऱ्या जनरेटरला जोडली आहे, 50 rad/s ला तो 12 V देतो. वेग दुप्पट केला तर करंट किती? पटकन `X_L = 8`, `Z = √(9 + 64) ≈ 8.54`, म्हणून 12/8.54 म्हणजे 1.4 A, असं लिहिलं जातं. पण ईएमएफचं शिखरमूल्य `NBAω` आहे, वेग दुप्पट झाला की व्होल्टेजही 24 V होतं. जनरेटरचा स्वतःचा इम्पिडन्स सोडून दिला तर करंट `24/8.54 ≈ 2.81 A`, घटण्याऐवजी वाढला. वेग कितीही वाढवला तरी तो 3 A च्या पुढे जाणार नाही, कारण वरही ω आणि खालीही ωL: `(12/50)/0.08 = 3 A`. फेज मात्र सरकत राहतो. दुप्पट वेगाला `tan φ = 8/3`, म्हणजे करंट सुमारे 69° मागे, आणि पुढे तो 90° च्या जवळ जात राहतो. कॉइलच्या जागी नुसता कपॅसिटर असता तर व्होल्टेज दुप्पट आणि रिॲक्टन्स निम्मा, म्हणजे करंट चौपट.