'औदुंबर' कवितेत निसर्गवर्णनापलीकडे काही आहे का?

प्रश्न: मुलाच्या मराठीच्या पुस्तकात बालकवींची 'औदुंबर' आहे. आठच ओळी. गाइडमध्ये लिहिलंय की औदुंबर म्हणजे विरक्त योगी, दत्ताचं झाड वगैरे. मला तर नुसता झरा आणि झाडच दिसतं. नक्की काय शिकवायचं त्याला?

मी मुंबईत मराठी शिकवते, आणि ही कविता शिकवताना मुलांना ग्रुपवर एक नोट पाठवते, तीच इथे जरा सुटसुटीत करून देते. तुम्हाला झरा आणि झाड दिसतंय ना, मग तुम्ही गाइडवाल्यापेक्षा बरोबर जागी उभे आहात, कारण तो चित्र न बघताच डायरेक्ट योग्यावर पोचलाय.

नोटची सुरुवात अशी: मुलांनो, पुस्तक बंद करा आणि आठवेल तेवढं कागदावर काढा. मग पुस्तक उघडून ताळा करा. दरवर्षी कोणीतरी कोपऱ्यात सूर्य काढतो, कोणी उडणारे पक्षी, कोणी झाडाखाली देऊळ. यातलं एकही कवितेत नाहीये. आकाश नाही, पक्षी नाही, कसला आवाज नाही, आणि मेन म्हणजे एकही माणूस नाही. चार घरांचं गाव आहे, शेतमळे आहेत, पायवाट आहे, म्हणजे माणसांनी केलेलं सगळं आहे पण माणूस गायब. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येतं.

आता रंग बघा. झरा निळासावळा, मळे हिरवे, कुरण हिरवं, त्या हिरव्यातून जाणारी पायवाट पांढरी, आणि ती जाते कुठे तर 'काळ्या डोहाकडे'. पांढरी का, असं एकीने विचारलं होतं. गवतातून रोज ये-जा झाली की गवत मरतं आणि खालची माती उघडी पडते, शिवाजी पार्कात लोक शॉर्टकट मारतात तिथे पट्टा उमटतो ना, तस्सं. म्हणजे ती पांढरी रेघ ही न दिसणाऱ्या माणसांच्या पायांचीच खूण आहे. आणि ही वाट सरळही नाही, 'अडवीतिडवी पडे' म्हणतो कवी, पण पुढच्याच ओळीत ती 'चालली'. सुरुवातीला आपण लांबून गाव-टेकडी बघत असतो, मग नजर या वाटेला धरून खाली उतरत येते आणि पाण्याशी थांबते.

डोह हा शब्द आमच्या पोरांना जड जातो, स्विमिंग पूलचं डीप एंड म्हटलं की पटतं. वाहतं पाणी जिथे खोल होऊन संथ होतं तो डोह. पहिल्या कडव्यातला झरा वाहता, निळासावळा, आणि इथलं पाणी खोल, काळं.

आता शेवटच्या दोन ओळी, खरी गंमत इथे आहे आणि इथेच सगळे घाईत पुढे जातात.

झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

मुलांना मी विचारते, पाणी झाकळतंय कोण? काळिमा पसरतंय कोण? पाय कोणी टाकलेत? तिन्हीचं उत्तर एकच, आणि ते उत्तर कवितेचा अगदी शेवटचा शब्द आहे. म्हणजे आधी आपल्याला सावली दिसते, मग पाय दिसतात, मग बसलेलं कोणीतरी, आणि सगळ्यात शेवटी कळतं की अरे हे झाड आहे. साधा अन्वय लावून बघा, 'असला औदुंबर पाय टाकून जळात बसला', सगळी मजा गेली. झाकळणं हेही बघा, आपण आभाळ झाकळून आलं म्हणतो. कवितेत आभाळ नाहीये पण ढग जे करतो ते इथे झाड करतंय.

आणि पाय! माणसांचे पाय दिसत नाहीत, त्यांची नुसती वाट दिसते, आणि सगळ्या कवितेत पाय खरोखर दिसतात ते एकट्या झाडाचे. झरा वाहतोय, वाट चालतेय, हा मात्र बसलाय. एका मुलाने विचारलं, "बाई, बाणगंगेच्या पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसतात तसं?" हो, तसंच. उंबराला पाण्याचा शेजार आवडतो, ओढ्याकाठी मुळं उघडी पडून पाण्यात उतरलेली असतात, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात ओढ्याच्या कडेने गेलात तर दाखवा पोराला. म्हणजे कवीने कल्पना हवेतून काढलेली नाही, डोळ्यांनी बघितलेलं आधी आहे.

हे सगळं झालं की मगच दुसरा थर. पहिल्याच ओळीतले ऐलतट-पैलतट हे शब्द मराठी माणसाच्या कानात संतांपासून बसलेत, पैलतीर म्हटलं की संसारापलीकडचं काहीतरी आठवतंच. त्यामुळे गावातून, मळ्यांतून वाकडी जाणारी आणि काळ्या डोहाशी संपणारी वाट म्हणजे आयुष्य, असं कोणाला वाटलं तर ते चूक नाही. पण मग 'गोड' शब्दाचं काय करणार? काळिमा गोड आहे. नुसतं 'डोह म्हणजे मृत्यू' असं लिहिलं तर हा शब्द तुमच्या अर्थाला अडकतो, आणि जो अर्थ कवितेतल्या एखाद्या शब्दाला अडकतो तो अर्धवट, एवढीच माझी टेस्ट. काही मुलं तर बालकवी 1918 साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले हे वाचून येतात आणि लिहितात की कवीला मरण दिसत होतं. वय 27 होतं, वाईट वाटतंच, पण ते आपल्याला नंतर माहीत झालेलं आहे, कवितेत नाहीये.

दत्ताचं म्हणाल तर उंबर दत्ताचं झाड हे घराघरात माहितीये, आणि कवीने साधा उंबर न म्हणता औदुंबर म्हटलंय, त्या शब्दाला देवळाचा वास आहेच. पण पार नाही, पादुका नाहीत. म्हणून उत्तरात 'औदुंबर म्हणजे दत्त' असं ठोकू नका, 'पाण्यात पाय सोडून स्वस्थ बसलेल्या झाडाकडे बघून ध्यानस्थ माणूस आठवतो' असं लिहा आणि पुढे 'बसला' आणि 'गोड काळिमा' हे शब्द द्या. योगी म्हणा हवं तर, पण आधी बसलाय ते दाखवा. 'विरक्त' मात्र मला अजून पटलेलं नाही, चांगला मजेत बसलाय तो.

एक राहिलं, 'असला'. बरीच मुलं 'बसला असला' एका दमात म्हणतात, म्हणजे 'बसला असेल बहुतेक' असं काहीतरी होतं. असला म्हणजे असा, या तऱ्हेचा. पोराला शेवटची ओळ मोठ्याने वाचायला लावा आणि 'बसला'नंतर किंचित थांबायला सांगा: पाय टाकुनी जळात बसला… असला औदुंबर. कोणीतरी बोट दाखवून सांगतंय असं ऐकू येईल.