काउंटरवरच्या मोबाईलबद्दल लेखी आठवण कशी द्यावी?

प्रश्न: निपाणीजवळ आमची छोटी सौहार्द संस्था आहे, 9 जणांचा स्टाफ. काउंटरवर मोबाईल बघू नका म्हणून हजारदा सांगितलं, ग्रुपवरही टाकलं. आता एका मुलीला लेखी द्यायचं म्हणतोय. भाषा कशी ठेवू? पुढच्या वेळी 100 रुपये दंड असंही लिहू का?

उत्तर: बेळगावात एका संस्थेची शाखा मी बरीच वर्षं सांभाळली आहे. असं पत्र एकदा फार वाईट लिहिलं, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी एक बघा. मोबाईलचा नियम तुमच्याकडे कागदावर आहे का? तोंडी बोलणी आणि ग्रुपवरचे मेसेज म्हणजे नियम नव्हे. त्यात दर वेळी शब्द बदलतात. कधी आपण "मोबाईल बंद" म्हणतो, कधी "जरा कमी करा". जे कधी नीट लिहिलंच नाही त्याची आठवण एकाच माणसाला कशी द्यायची? कागद नसेल तर आधी सगळ्यांसाठी चार ओळी लिहा, तारीख घाला, नऊही जणांना द्या आणि पंधरा दिवस जाऊ द्या. आमचा नियम असा होता: सभासद समोर असताना आणि रोकड मोजताना स्वतःचा मोबाईल आवाज बंद करून ड्रॉवरमध्ये, चहाला आणि जेवणाच्या सुट्टीत मोकळीक, घरून तातडीचं काही असेल तर संस्थेच्या लँडलाइनवर फोन यावा, तो लगेच जोडून दिला जाईल. शाखाधिकाऱ्यालाही तोच नियम. मी स्वतः रोकड मोजताना फोन घ्यायचो, ते आधी थांबवावं लागलं.

आता माझी चूक. आमच्याकडे खानापूर भागातली एक मुलगी कॅशला होती. चार वेळा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सारखं मोबाईलमध्ये तोंड घालून बसतेस." नंतर चिडून एक छापील इंग्रजी नमुना हुडकला, त्यात तिचं नाव घातलं आणि टेबलावर ठेवला. त्यात शिस्तभंगाच्या कारवाईचं वाक्य होतं. ती मराठी शाळेतून शिकलेली. नोकरी गेली असंच तिने धरलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील गावाहून आले आणि माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. त्यांच्याशी बोलताना कळलं की आजी दवाखान्यात आहे आणि निरोप येतो तो मुलीच्या मोबाईलवर. दुसरी गोष्ट तिने स्वतः सांगितली. पिग्मी एजंट संध्याकाळच्या भरण्याचे आकडे आणि सभासद पैसे पाठवल्याचे फोटो तिच्याच नंबरवर टाकत होते, कारण संस्थेचा वेगळा मोबाईलच नव्हता. मी बघत होतो त्यातला निम्मा वेळ संस्थेच्याच कामाचा होता.

म्हणून पत्र लिहिण्याआधी पाच मिनिटं बंद खोलीत विचारा, "फोन कशासाठी लागतो?" कामासाठी लागत असेल तर संस्थेचा एक मोबाईल घ्या आणि तो नंबर एजंटांना द्या. ते केल्याशिवाय पत्र काढू नका.

भाषेचं म्हणाल, तर आपण बोलतो ती वाक्यं माणसाबद्दल असतात आणि पत्रातली वाक्यं प्रसंगाबद्दल हवीत. "सारखं", "नेहमी", "कितीदा सांगितलं", "लक्ष नसतं" हे शब्द काढा. त्यांच्या जागी तुम्ही स्वतः पाहिलेला दिवस, वेळ आणि कामाला काय अडलं ते लिहा. पाहिलेलं नसेल तर लिहू नका. सीसीटीव्ही मागे फिरवून जुने प्रसंग गोळा करू नका, कारण तसं एकीच्याच बाबतीत केलं की ते पाळत ठेवणं होतं. शिवाय फोनवर ती काय बघत होती हा आपला विषय नाही. व्हिडिओ होता की घरचा निरोप, हे पत्रात येता कामा नये. रांग थांबली, एवढंच येऊ द्या.

ती पहिली चिठ्ठी मी परत घेतली आणि दिलगिरी व्यक्त केली. संस्थेचा मोबाईल आल्यानंतर काही दिवसांनी एक खराखुरा प्रसंग घडला, तेव्हा दिलेलं पत्र साधारण असं होतं:

"विषय: कार्यालयीन नियमाची आठवण (खाजगी)

मंगळवारी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास कॅश काउंटरवर 3 सभासद थांबले असताना तुम्ही सुमारे 5 मिनिटं स्वतःच्या मोबाईलवर होता, असं मी पाहिलं. त्यातले एक सभासद पैसे न भरता परत गेले. सभासद समोर असताना मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवावा, हा नियम सर्वांना लेखी दिलेला आहे. यापुढे तो पाळावा, ही विनंती. घरी आजारपण असल्याचं तुम्ही सांगितलं आहे. तातडीचा फोन लँडलाइनवर आल्यास काउंटर दुसऱ्याकडे देऊन तुम्ही बोलू शकता. ही आठवण आहे, शिक्षा नाही. पगारावर किंवा बढतीवर तिचा परिणाम नाही. माझ्या लिहिण्यात काही चुकलं असेल तर 7 दिवसांत खाली लिहून द्यावं. 6 महिन्यांत पुन्हा असा प्रसंग आला नाही तर हे पत्र फाईलमधून काढलं जाईल."

आजीचं नाव किंवा आजाराचं नाव त्यात मुद्दाम नाही. फाईल उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती पडेल. शेवटचं वाक्य लिहिलंत तर कॅलेंडरवर खूण करा आणि त्या दिवशी पत्र खरंच काढा.

आपल्या भागात एक जास्तीची काळजी हवी. स्टाफमध्ये कुणी मराठी शाळेतलं असतं, कुणी कन्नड. ज्या भाषेत ती व्यक्ती सहज वाचते त्या भाषेत पत्र द्या. तुमचं कन्नड कच्चं असेल तर लिहून घ्यायला त्याच ऑफिसातला सहकारी नको, नाहीतर खाजगीपणा तिथेच संपला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, हजेरी पुस्तकात शेरा मारू नका. बंद पाकिटात, समोर बसवून, दिवस संपताना द्या आणि वाचायला वेळ द्या. सही घ्यायची ती "पत्र मिळालं" एवढ्यापुरती, "चूक मान्य" म्हणून नाही. तिने खाली काही लिहिलं तर तेही त्याच फाईलला जोडा, तुम्हाला पटो वा न पटो.

दंडाचं मात्र अजिबात लिहू नका. 2019 च्या वेतन संहितेत दंडाला बंधनं आहेत. कोणत्या कृत्याला दंड, याची यादी सरकारी मंजुरी घेऊन कामाच्या जागी लावलेली हवी. त्या माणसाला आधी म्हणणं मांडायची संधी हवी. एका पगाराच्या काळातला एकूण दंड त्या पगाराच्या 3 टक्क्यांवर जाता येत नाही. 12,000 पगार असेल तर महिन्याला 360 रुपये. तुमचे 100 रुपये चार वेळा कापलेत की मर्यादा ओलांडली. आणि मंजूर यादीच नसेल तर पहिले 100 रुपयेही कापता येत नाहीत.

पत्रानंतरही तेच चालू राहिलं तर दुसरं पत्र लगेच काढू नका. आधी त्या वेळेचं काउंटर बघा. आमच्याकडे साडेबारा ते दीडला रांग वाढायची आणि कॅशला एकटीच असायची. तिथे दुसरा माणूस बसवला आणि तिला सव्वाबाराला दहा मिनिटांची सुट्टी दिली. दवाखान्यात ती त्याच वेळात फोन करू लागली.