पुरुष-स्त्रीचा ‘आ’ आलेखावर लांब का पडतो: बार्क, मेल आणि पिच

प्रश्न: प्रात या ध्वनी-विश्लेषणाच्या प्रोग्रॅममध्ये पुरुष आणि स्त्री वक्त्यांचे फॉर्मंट, म्हणजे स्वर ओळखू देणारे कंप्रतांचे उंचवटे, मोजलेत. हर्ट्झमध्ये आलेख काढला की दोघांचा ‘आ’ एकमेकांपासून लांब पडतो, ऐकताना मात्र स्वर एकच वाटतो. सगळं मेलमध्ये बदलू की बार्कमध्ये? आणि पिचही त्याच स्केलवर घेतली तर चालेल का?

उत्तर: फॉर्मंटसाठी बार्क घ्या, पिचच्या चढउतारासाठी सेमीटोन. मेल सध्या बाजूला ठेवा. पण हर्ट्झचे आकडे बार्कमध्ये बदलले की दोन ‘आ’ आपोआप एका जागी येतील, अशी अपेक्षा असेल तर ती सोडा. त्यासाठी पुढे एक वजाबाकी करावी लागते, आणि ती का चालते हे कानाच्या रचनेतून कळतं.

कॉक्लियाच्या आत साधारण ३५ मिलिमीटर लांबीचा एक पडदा असतो. जाड आवाजाला त्याचं आतलं टोक हलतं, बारीक आवाजाला दाराजवळचं. म्हणजे कंप्रतेचं रूपांतर पडद्यावरच्या जागेत होतं. मात्र एका कंप्रतेला एकच बिंदू हलत नाही, आसपासचा पट्टाही हलतो. एका पट्ट्यात पडलेले दोन घटक कानाला नीट सुटे करता येत नाहीत. एबरहार्ड झ्विकर यांनी १९६१ साली ऐकू येणारा पल्ला अशा २४ क्रिटिकल बँडमध्ये मांडला आणि एका बँडच्या रुंदीला बार्क हे नाव दिलं. ५०० हर्ट्झच्या खाली हा बँड सुमारे १०० हर्ट्झ रुंद असतो, त्याच्या वर मध्य कंप्रतेच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा. पडद्यावर मोजलं तर एक बार्क म्हणजे जवळपास १.३ मिलिमीटर. थोडक्यात, बार्क ही पडद्यावर ठेवलेली पट्टी आहे.

पिच आणि फॉर्मंट यांची फाटाफूट होते ती या रुंदीमुळेच. ग्लासबर्ग आणि मूर यांचं १९९० चं सूत्र कानाच्या गाळणीची रुंदी झ्विकरपेक्षा थोडी कमी दाखवतं: ५०० हर्ट्झपाशी ७९ हर्ट्झ, १००० पाशी १३३, २००० पाशी २४१. आता १२० हर्ट्झचा पुरुषी आवाज घ्या. त्याचे हार्मोनिक, म्हणजे मूळ कंप्रतेच्या पटीतले घटक, १२०-१२० हर्ट्झच्या अंतरावर असतात. ५०० हर्ट्झच्या आसपास गाळणी या अंतरापेक्षा अरुंद आहे, त्यामुळे तिथे प्रत्येक हार्मोनिक वेगळा उमटतो. १००० च्या वर गाळणी रुंद होते, शेजारचे हार्मोनिक एकात एक मिसळतात आणि उरतो तो फक्त त्यांच्या उंचसखलपणाचा आकार. पिच मुख्यतः खालच्या सुट्या हार्मोनिकांच्या रांगेवरून आणि मज्जातंतूंना मिळणाऱ्या ठोक्यांच्या वेळेवरून ठरते. म्हणूनच ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापणाऱ्या जुन्या टेलिफोनवरही १२० हर्ट्झचा आवाज १२० चाच ऐकू येतो. फॉर्मंट मात्र त्या आकाराचा उंचवटा असतो, म्हणून त्याला जागेची पट्टी लागू पडते.

आता तुमचा ‘आ’. तुमचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून पीटरसन आणि बार्नी यांची १९५२ ची प्रसिद्ध सरासरी घेतो. स्वर इंग्रजी ‘फादर’मधला आहे. पुरुषांची मूळ कंप्रता १२४ हर्ट्झ आणि पहिले तीन फॉर्मंट ७३०, १०९० आणि २४४०. स्त्रियांची मूळ कंप्रता २१२ आणि फॉर्मंट ८५०, १२२० आणि २८१०. रूपांतरासाठी ट्राउनम्युलर यांचं १९९० चं सूत्र, दोन्ही टोकांच्या दुरुस्तीसकट:

```python
import math

def bark(f):
    z = 26.81 * f / (1960 + f) - 0.53
    if z < 2:
        z += 0.15 * (2 - z)
    elif z > 20.1:
        z += 0.22 * (z - 20.1)
    return z

def semitone(f, ref):
    return 12 * math.log2(f / ref)
```

हर्ट्झमध्ये स्त्री-पुरुषांतला फरक पहिल्या फॉर्मंटला १२०, दुसऱ्याला १३० आणि तिसऱ्याला एकदम ३७० आहे. बार्कमध्ये हेच फरक ०.८३, ०.७० आणि ०.९३ होतात. मूळ कंप्रतेचा फरकही ०.८८ निघतो. म्हणजे बार्कने फरक मिटवला नाही, पण चारही ठिकाणी जवळपास सारखा केला. अख्खा नमुना पडद्यावर सुमारे एक मिलिमीटर सरकला आहे, त्याची ठेवण तीच आहे. कारण साधं आहे. आखूड घशामुळे फॉर्मंट ठरावीक बेरजेने वाढत नाहीत, ढोबळमानाने ठरावीक पटीने वाढतात, आणि लॉगसारख्या पट्टीवर पट म्हणजे सरकणं.

सगळे आकडे सारखेच सरकले असतील तर शेजारच्या दोघांची वजाबाकी केल्यावर सरकणं निघून जातं. पहिला फॉर्मंट वजा मूळ कंप्रता: पुरुष ५.५४, स्त्री ५.४९ बार्क. दुसरा वजा पहिला: २.३१ आणि २.१८. तिसरा वजा दुसरा: ५.२९ आणि ५.५१. आलेखाच्या उभ्या अक्षावर पहिली वजाबाकी आणि आडव्या अक्षावर तिसरी घ्या, दोन ‘आ’ शेजारी येतील.

सिर्डल आणि गोपाल यांनी १९८६ मध्ये हीच मांडणी वापरली, आणि त्यांची सीमारेषा तीन बार्कची होती. पहिली वजाबाकी तीनच्या आत असेल तर जीभ वर असलेला स्वर, शेवटची तीनच्या आत असेल तर पुढचा स्वर. त्याच माहितीतल्या ‘ई’वर हे तपासून पाहा. पुरुष १३६, २७०, २२९०, ३०१०. स्त्रिया २३५, ३१०, २७९०, ३३१०. पहिली वजाबाकी १.३९ आणि ०.७९ येते, शेवटची १.७९ आणि १.०९. इथे आकडे ‘आ’इतके जुळत नाहीत, तरी दोघेही सीमेच्या एकाच बाजूला आहेत. ही सीमा तीनच्या आसपास असण्यालाही आधार आहे. लुडमिला चिस्तोविच यांच्या लेनिनग्राडमधल्या प्रयोगांत सुमारे साडेतीन बार्कपेक्षा जवळ आलेले दोन फॉर्मंट ऐकणाऱ्याला मधल्या एका उंचवट्यासारखे वाटत होते. तेवढ्या जवळिकीत दोघांच्या नेमक्या जागांपेक्षा त्यांचा एकत्रित गुरुत्वमध्य महत्त्वाचा ठरतो, आणि कोणता फॉर्मंट जास्त मोठा आहे यावरून तो मध्य सरकतो.

या पद्धतीची एक दुबळी बाजू आहे: वजाबाकीत मूळ कंप्रता येते. त्याच पुरुषाने प्रश्न विचारताना आवाज १२४ वरून २०० हर्ट्झवर नेला, तर पहिली वजाबाकी पाऊण बार्कने घटेल, पण ‘आ’ काही बदललेला नसतो. म्हणून त्या क्षणाची पिच घेऊ नका, वक्त्याच्या साध्या बोलण्यातली मध्यक पिच घ्या. कुजबुजीत तर मूळ कंप्रताच नसते, तरी स्वर कळतात. म्हणजे कान फक्त या एका वजाबाकीवर विसंबून नाही. कुजबुजीच्या ध्वनिमुद्रणात फॉर्मंटांची आपापसातली वजाबाकी तेवढी वापरा.

आता पिच. वजाबाकीत मूळ कंप्रता बार्कमध्ये घेतली ती पडद्यावरची जागा म्हणून. बोलण्याची चाल मोजायची असेल तर तीच पट्टी चुकीची ठरते. १०० ते २०० हर्ट्झ हे एक सप्तक, २०० ते ४०० हेही एक सप्तक. बार्कमध्ये पहिलं एक बार्कचं, तर दुसरं दोन बार्कांचं भरतं. मेलमध्ये नेहमीच्या सूत्राने १३३ आणि २२६. म्हणजे स्त्री आणि पुरुष अगदी सारखा हेल काढत असले, तरी आलेख सांगेल की स्त्रीचा हेल जवळपास दुप्पट आहे. सेमीटोनमध्ये दोन्हीकडे बारा येतात. वर दिलेल्या `semitone` मध्ये `ref` म्हणून वक्त्याची स्वतःची मध्यक पिच टाका. १००० हर्ट्झपाशी बँड दीडशेहून जास्त हर्ट्झ रुंद असला, तरी शुद्ध सुरातला दोन-तीन हर्ट्झचा फरक कानाला कळतो. पिचची बारकाई बँडच्या रुंदीने ठरत नाही, याचा हा सरळ पुरावा.

मेल बाजूला ठेवा म्हटलं त्याची कारणं दोन. एक, ही पट्टी १९३७ मध्ये स्टीव्हन्स, व्होल्कमन आणि न्यूमन यांनी शुद्ध सुरांवर बसवली. ऐकणाऱ्यांना ‘याच्या निम्म्या उंचीचा सूर लावा’ असं सांगितलं होतं. त्यात ना मानवी आवाज होता, ना फॉर्मंट. दुसरं कारण रोजच्या कामातलं आहे: मेलची सूत्रं अनेक आहेत आणि ती जुळत नाहीत.

```
2595 * log10(1 + f/700)
550 * ln(1 + f/550)
```

वरचं सूत्र सगळीकडे दिसतं; त्यात १००० हर्ट्झला १००० मेल येतात. खालचं प्रातच्या `hertzToMel` मधलं. त्यात १००० हर्ट्झला ५७० येतात. २२९० हर्ट्झ एकीकडे १६३६, दुसरीकडे ९०३. पायथनच्या `librosa` मध्ये मूळ सेटिंग तिसऱ्याच सूत्राचं आहे. वरचं हवं असेल तर `htk=True` लिहावं लागतं. दोन प्रोग्रॅममधले आकडे एका आलेखावर आले तर स्वर भलतीकडेच पडतात आणि दोष मोजणीला दिला जातो. प्रातचं `hertzToBark` हे ट्राउनम्युलरच्या सूत्रापेक्षा वेगळं असलं, तरी बोलण्याच्या पल्ल्यात फरक साधारण ०.१ बार्कचाच येतो.

बार्कमध्ये जाण्याआधी पहिला फॉर्मंट मात्र नीट तपासा, कारण ही पट्टी खालच्या चुका फुगवते. ३०० हर्ट्झपाशी ६० हर्ट्झची चूक ०.६ बार्क होते, २८०० पाशी तीच चूक ०.१४. आणि नेमकी खालीच चूक होण्याची शक्यता जास्त. २४० हर्ट्झच्या आवाजात ‘ई’चा पहिला फॉर्मंट ३१० वर असेल तर हार्मोनिक २४० आणि ४८० वर आहेत, ३१० वर काहीच नाही. प्रोग्रॅम मग जवळच्या हार्मोनिकलाच फॉर्मंट समजतो. ओळखायचं कसं? एकच शब्द दोन वेगळ्या पिचवर बोलवून घ्या. पहिला फॉर्मंट पिचबरोबर सरकत असेल आणि त्याला पिचने भागल्यावर उत्तर दरवेळी एक किंवा दोनच्या आसपास येत असेल, तर तो हार्मोनिक आहे. प्रातमध्ये पाच फॉर्मंटसाठी कमाल मर्यादा पुरुषाला ५०००, स्त्रीला ५५०० हर्ट्झ ठेवा. तरीही सरकत असेल तर त्याच वक्त्याचा खालच्या पिचवरचा उच्चार मोजा आणि तोच आकडा आलेखावर घ्या.