अनुवादाचा हक्क नेमका कोणाकडे?

प्रश्न : मी कोथरूडला राहणारी निवृत्त प्राध्यापिका. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मराठी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद करते आहे. लेखक १९९८ साली वारले, त्यांच्या पत्नीही आता नाहीत. मुलाने फोनवर ‘खुशाल करा’ म्हटले. अप्पा बळवंत चौकातले मूळ प्रकाशक मात्र ‘सर्व हक्क आमचे’ म्हणतात. नमुना प्रकरण तयार आहे आणि दिल्लीच्या एका प्रकाशनसंस्थेच्या संपादिकेने हक्काचे पत्र मागितले आहे. काय करू?

उत्तर : आधी प्रकाशकांचे म्हणणे तपासू, कारण ते खरे निघाले तर मुलाच्या होकाराला अर्थ उरत नाही. लेखक गेल्यानंतरच्या कॅलेंडर वर्षारंभापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. म्हणजे ही कादंबरी ३१ डिसेंबर २०५८ पर्यंत संरक्षित आहे आणि परवानगी कोणाची तरी लागणारच. ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ असे पुस्तकात छापलेले असणे वेगळे आणि लेखकाने तसे लिहून, सही करून दिलेले असणे वेगळे. हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीचे नसेल तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे ते वैध नाही. म्हणून प्रकाशकांकडे मूळ कराराची प्रत नम्रपणे, पण लेखी मागा. करारात केवळ मराठी आवृत्ती छापण्याचा हक्क दिलेला असेल, तर अनुवादाचा हक्क लेखकाकडेच राहिला. ‘अनुवादासह सर्व हक्क’ कायमचे दिले असतील, तर परवानगी प्रकाशकांचीच घ्यावी लागेल. करारात मुदत नसेल तर पाच वर्षांनी हक्क परत येतो, असे आपल्याला कोणीतरी नक्की सांगेल. ती तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली असून त्याआधीच्या करारांना लागू नाही. तिच्या भरवशावर राहू नका.

हक्क लेखकाकडे राहिला असेल, तर पुढचा प्रश्न वारसांचा. मृत्युपत्र होते का, हे मुलाला विचारा. नसेल आणि लेखकाला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असेल, तर पत्नी व मुले समान वाटेकरी झाली, आणि पुढे पत्नीचा वाटाही मुलांकडे गेला. एखादी विवाहित मुलगी नाशिकला असेल तर तिचाही तितकाच हक्क आहे, त्यामुळे पत्रावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. एका प्रकरणात मुलाच्या एकट्याच्या पत्रावर पूर्ण अनुवाद झाला, आणि पुस्तक छपाईला जाताना बहिणीची नोटीस आली. तिची तक्रार पैशांची नव्हतीच, ‘मला कोणी विचारलेच नाही’ एवढीच होती.

आता पत्राचा मजकूर, कारण खरी चूक इथे होते. कलम ३० प्रमाणे परवाना लेखी लागतो, म्हणून फोनवरचा होकार पुरेसा नाही. शिवाय कलम ३०अ मुळे हस्तांतरणाचे नियम परवान्यालाही लागतात : मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, पत्रात वेगळे म्हटले नसल्यास, तो संपुष्टात येतो. अनुवाद, प्रकाशकाचा शोध, संपादन आणि छपाई वर्षात होत नाही. तेव्हा ‘आम्ही परवानगी देत आहोत’ या एका ओळीऐवजी असे काही हवे :

‘सदर कादंबरीचा इंग्रजी अनुवाद करून तो जगभर छापील व ई-पुस्तक स्वरूपात प्रकाशित करण्याचा अनन्य परवाना, तो प्रकाशकाला देण्याच्या अधिकारासह, आम्ही देत आहोत. प्रकाशकाशी करार करण्यासाठी तीन वर्षांची मुदत राहील. करार झाल्यास परवाना त्या कराराच्या मुदतीपर्यंत चालेल. एका वर्षात वापर झाला नाही या कारणाने परवाना संपणार नाही.’

मानधनाचे प्रमाणही त्यातच लिहा. समजा प्रकाशकाने दहा टक्के रॉयल्टी दिली आणि निम्मे-निम्मे ठरले, तर पाच टक्के आपले व पाच टक्के वारसांत मिळून.

नमुना प्रकरण सध्या संपादिकेपुरतेच ठेवा. समाजमाध्यमांवर टाकणे म्हणजे परवानगीविना प्रकाशन. त्यासोबत कथानकाचा दोन पानी गोषवारा, लेखकाचा परिचय आणि हे पत्र जोडा. प्रकरण पहिलेच हवे असे नाही. बोलीतले संवाद जिथे दाट आहेत ते निवडा, कारण अनुवादकाची कसोटी तिथे दिसते. कादंबरीत पारंपरिक ओवी असेल तर अडचण नाही, पण दुसऱ्या कवीची कविता उद्धृत असेल तर तिची परवानगी वेगळी लागू शकते. वारस ती देऊ शकत नाहीत.

संपादिकेला आज एवढेच कळवा की हक्काची कागदपत्रे जमवणे सुरू आहे. ‘हक्क माझ्याकडे आहेत’ असे मात्र सह्या होईपर्यंत लिहू नका, कारण प्रकाशनाच्या करारात तशी हमी आपल्याकडून घेतली जाते आणि ती खोटी ठरल्यास भरपाई आपल्यावर येते.