जर्मनमध्ये ‘माझे हात’ न म्हणता ‘ते हात’ का म्हणतात?

प्रश्न: मी जर्मन शिकतेय, ए२ सुरू आहे. ‘मी हात धुते’ला आमच्या पुस्तकात ‘इश वाशे मिअर डी हेंडे’ असं दिलंय. ‘माइने हेंडे’ का नाही? हात माझेच आहेत ना? आणि दुखण्याखुपण्याच्या सगळ्याच वाक्यांत हे असं का?

उत्तर:

तुमच्याच प्रश्नातलं मराठी वाक्य पुन्हा वाचा. तुम्ही ‘मी हात धुते’ असं लिहिलंय. ‘माझे’ कुठेच नाही, कारण मराठीत त्याची गरज पडत नाही. मग ‘माइने’ हवं असं वाटतं कुठून? आपण जर्मन शिकतो ते बहुतेक वेळा इंग्रजीच्या आधाराने, आणि इंग्रजीला तिथे ‘माय’ लागतं, म्हणून. मला हे कळायला फार वेळ लागला. तोवर मी प्रत्येक वाक्य मनात आधी इंग्रजीत करायचे आणि मग जर्मनमध्ये. शरीराच्या बाबतीत तो वळसा सोडून थेट मराठीतून गेलात तर निम्मं काम झालंच.

मराठीत बोट कापलं की आपण काय म्हणतो? ‘मला बोटाला कापलं.’ पडलो तर ‘मला डोक्याला लागलं’, तव्याचा चटका बसला तर ‘मला हाताला भाजलं’. ‘माझ्या बोटाला’ म्हटलं तरी चालतं, पण घाईत तोंडातून येतं ते ‘मला बोटाला’. यात ‘मला’ने एकाच वेळी दोन गोष्टी सांगितल्या: हे कुणाला झालं, आणि म्हणून बोट कुणाचं. मालकी वेगळी सांगायला जागाच उरली नाही.

जर्मन नेमकं हेच करतं. ‘मिअर’ म्हणजे आपलं ‘मला’. ‘मला बोटाला कापलं’ = ‘इश हाबे मिअर इन डेन फिंगर गेश्निटेन’. ‘मला डोक्याला लागलं’ = ‘इश हाबे मिअर डेन कोप्फ गेश्टोसेन’. एकदा ‘मिअर’ आलं की बोट किंवा डोकं कुणाचं ते ठरलं. पण जर्मनमध्ये नाम सहसा उघडं ठेवता येत नाही, त्याच्याआधी काहीतरी लागतं. मालकी सांगून झाली असल्यामुळे तिथे साधं डेर, डी, डास येतं. म्हणजे ‘डी हेंडे’मधलं ‘डी’ हे ‘माइने’च्या जागी बसलेलं नाही. ‘माइने’चं काम ‘मिअर’ करतं आणि ‘डी’ फक्त जागा भरतं.

दुखण्याची वाक्यंही याच साच्यात आहेत. ‘मिअर टूट डेर कोप्फ वे’ म्हणजे शब्दशः ‘मला डोकं दुखतंय’. इथे मराठी वेगळी वाट धरते, आपण ‘माझं डोकं दुखतंय’ म्हणतो. पण ‘मला चक्कर येतेय’, ‘मला मळमळतंय’, ‘मला थंडी वाजतेय’ ही वाक्यं घ्या: ‘मिअर इस्ट श्विंडलिश’, ‘मिअर इस्ट यूबेल’, ‘मिअर इस्ट काल्ट’. तिन्हींत ‘मला’च्या जागी ‘मिअर’. शेवटच्या वाक्यात इंग्रजीच्या नादाने ‘इश बिन काल्ट’ म्हटलंत तर ‘मी थंड मनाची, भावनाशून्य आहे’ असा अर्थ निघू शकतो.

‘माइन कोप्फ टूट वे’ हे चूक आहे का? नाही. जर्मन माणसंही तसं म्हणतात आणि परीक्षेत त्याला कुणी लाल रेघ मारणार नाही. नुसतं ‘इश हाबे कोप्फश्मेर्त्सेन’ तर त्याहून जास्त ऐकू येतं, आणि त्यात ना आर्टिकल ना मालकी. पण हात धुणे, दात घासणे, केस विंचरणे, हाड मोडणे अशा वाक्यांत मात्र ‘मिअर’ आणि आर्टिकलची सवय लावाच. तिथे मालकी घातली तर कधी कधी अर्थच बदलतो. हे मी स्वतः अनुभवलंय.

मी इथे वृद्धांच्या देखभालगृहात परिचारिका आहे. नवीन असताना सकाळी पाळी बदलताना मी रात्रीचा अहवाल देत होते. एका खोलीत दोन आज्या. त्यातली एक रात्री बाथरूममध्ये घसरली, हात मोडला, तिला रुग्णालयात नेलं. मला सांगायचं होतं ‘तिचा हात मोडला’. मी म्हणाले, ‘झी हाट ईरेन आर्म गेब्रोखेन’. समोरची सहकारी लिहिता लिहिता थांबली आणि तिने विचारलं, ‘कुणाचा?’ तिला वाटलं की एका आजीने दुसरीचा हात मोडला. खोलीत दोघींची कुरबुर चालते हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे तिचा गैरसमज अगदीच अवाजवी नव्हता. अपघाताची नोंद मारहाणीची व्हायची, ती एका प्रश्नाने वाचली.

चूक कुठे झाली ते मराठीतून पाहिलं की स्पष्ट दिसतं. आपल्याकडे दोन शब्द आहेत. ‘तिने आपला हात पुढे केला’ म्हणजे स्वतःचा. ‘तिने तिचा हात पुढे केला’ म्हटलं तर तो दुसऱ्या कुणा बाईचाही असू शकतो. जर्मनमध्ये ‘आपला’ नाही. ‘ईरेन’ म्हणजे नुसतं ‘तिचा’, मग ती हीच की दुसरी, ते संदर्भावरून ओळखायचं. ‘आपला’चं काम जर्मनमध्ये ‘झिश’ करतं. म्हणून बरोबर वाक्य: ‘झी हाट झिश डेन आर्म गेब्रोखेन’. स्वतःचाच मोडला, शंका नाही. आणि खरंच दुसरीचा मोडला असता तर ‘झिश’च्या जागी ‘ईअर’, म्हणजे ‘तिला’, आलं असतं: ‘झी हाट ईअर डेन आर्म गेब्रोखेन’. दोन्ही वाक्यांत ‘डेन आर्म’ तोच आहे. कुणाचा हात हे सगळं त्या एका छोट्या शब्दावर ठरतं, म्हणून बोलताना तो गिळू नका.

दुसऱ्याच्या शरीराशी काही करायचं असेल तरी साचा हाच. माझ्या कामात दिवसातून वीसदा लागणारं वाक्य: ‘इश वाशे ईनेन येत्स्ट डेन र्‍युकेन’, ‘तुम्हाला आता पाठ धुऊन देते’. ‘ईरेन र्‍युकेन’ व्याकरणात बसतं, पण त्यात पाठ ही एक वस्तू होते आणि मी ती धुते. ‘ईनेन’ म्हटलं की मी त्या माणसासाठी काही करते आहे. आपलं ‘धुऊन देते’ जसं कानाला लागतं तसंच. गाडी, खिडकी, ताटली यांना हा मान नाही; ‘इश वाशे माइन आउटो’ असंच म्हणायचं. ज्याला स्वतःला काही जाणवतं, त्यालाच सहसा ‘मला-तुला’ची जागा मिळते.

एक ठेच हमखास लागते. नुसतं ‘मी अंग धुते’ असेल तर ‘इश वाशे मिश’. पण पुढे अवयव आला की ‘मिश’चं ‘मिअर’ होतं: ‘इश वाशे मिअर डी हेंडे’. कर्माची खुर्ची एकच, तिच्यावर हात येऊन बसले, म्हणून ‘मी’ला सरकून ‘मला’ व्हावं लागलं. ‘तो’ आणि ‘ती’ला दोन्हीकडे ‘झिश’च असल्यामुळे तिथे ही चूक लपते. म्हणून सराव नेहमी ‘मी’ आणि ‘तू’ घेऊन करा.

मालकी केव्हा ठेवायची? वाक्यात ‘मला’, ‘तुम्हाला’ला जागाच नसेल आणि अवयवाबद्दलच काही सांगायचं असेल तेव्हा. ‘ईअर ब्लूटड्रुक इस्ट होख’, तुमचा रक्तदाब जास्त आहे. ‘माइन लिंकेस क्नी इस्ट गेश्वोलेन’, माझा डावा गुडघा सुजलाय. इथे कुणी कुणाला काही केलेलं नाही, नुसतं वर्णन आहे, म्हणून मालक सांगावा लागतो.

आता शब्दांकडे वळते, कारण वाक्य बरोबर असूनही डॉक्टर चुकीच्या जागी हात लावतील असे काही शब्द आपल्याकडे आहेत. आपला ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत असतो. जर्मनमध्ये मनगटाच्या पुढे ‘डी हांट’ आणि वर ‘डेर आर्म’. ‘पाय’ही तसाच: घोट्याखाली ‘डेर फूस’, वर ‘डास बाइन’. ‘बोट’ हाताचं असेल तर ‘डेर फिंगर’, पायाचं असेल तर ‘डेर त्से’. गळ्याकडे उलटं होतं. ‘डेर हाल्स’ म्हणजे मानही आणि घसाही. पण ‘हाल्सश्मेर्त्सेन’ म्हटलं की डॉक्टर घशात बॅटरी मारून बघणार. मान आखडली असेल तर ‘डेर नाकेन’ म्हणा. आणि लिंगासाठी मराठीवर विसंबू नका. डोकं आपल्याकडे नपुंसक, तिकडे ‘डेर कोप्फ’. कान पुल्लिंगी, तिकडे ‘डास ओअर’. नाक नपुंसक, तिकडे ‘डी नाझे’. आर्टिकल इतकं कामाला लागतं म्हटल्यावर शब्द आर्टिकलसकटच पाठ करावा लागतो.

2024 मध्ये महाराष्ट्र शासनाचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला. त्या वाटेने तुम्ही इकडे येणार असाल तर हे एक आधीच ऐकून ठेवा. तिथल्या श्वेबिश बोलीत ‘फूस’ म्हणजे मांडीपासून खालचा अख्खा पाय, अगदी आपल्या ‘पाया’सारखा. म्हणून आजोबा ‘मिअर टूट डेर फूस वे’ म्हणाले की मी पायमोजा काढायच्या आधी विचारते: ‘वो गेनाउ?’ नेमकं कुठे? बरेचदा ते गुडघ्यावर हात ठेवतात.