काँट्रॅक्टरचं पेमेंट: टप्पे कसे पाडावेत?

प्रश्न: ऐरोलीतलं जुनं रो-हाऊस पाडून तळमजला अधिक एक बांधतोय. मटेरियलसकट ३० लाखांचा ठेका आहे. काँट्रॅक्टर म्हणतो, सुरुवातीला १० टक्के, जोत्याला २०, पहिल्या स्लॅबला २५, दुसऱ्याला २०, उरलेले पुढच्या कामात. सही करू का?

उत्तर:

अशी सही करू नका. बेरीज करून बघा: दुसरा स्लॅब भरेपर्यंत ७५ टक्के, म्हणजे साडेबावीस लाख तुमच्या हातून गेलेले असतील. तेव्हा उभा असतो तो नुसता सांगाडा. भिंती, गिलावा, प्लंबिंग, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, लाद्या, खिडक्या, रंग सगळं बाकी, आणि साध्या घरातही यात एकूण खर्चाच्या निम्म्याच्या आसपास रक्कम जाते. म्हणजे साधारण १५ लाखांचं काम उरलेलं आणि द्यायचे फक्त साडेसात लाख. काँट्रॅक्टर पळून जातोच असं नाही. तो माणसं दुसऱ्या साइटवर हलवतो, तुमच्याकडे दोन गवंडी ठेवतो आणि "भाव वाढले" म्हणून जादा मागायला लागतो.

मी कोष्टक असं मांडेन: उचल ५ टक्के, पाया आणि जोतं १२, पहिला स्लॅब १३, दुसरा १३, वीटकाम १०, भिंतीतले पाइप आणि गिलावा १४, वॉटरप्रूफिंग आणि लाद्या १३, दारं-खिडक्या ७, रंग आणि फिटिंग ८, राखून ठेवलेले ५. या हिशेबानं दुसऱ्या स्लॅबपर्यंत १२ लाख ९० हजार जातात आणि पुढच्या कामाला १७ लाख १० हजार हातात राहतात. काँट्रॅक्टर कुरकुरेल की सळई-सिमेंटला आधी पैसा लागतो. त्यात तथ्य आहे, म्हणून उचल द्यायची आणि मोठे टप्पे आणखी फोडायचे.

स्लॅबचंच बघा. १३ टक्के म्हणजे ३ लाख ९० हजार. सेंट्रिंग झालं, सळई बांधली, कव्हर ब्लॉक बसले आणि तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पाहून सही केली, की दीड लाख. स्लॅब भरला, की दीड लाख. उरलेले ९० हजार सेंट्रिंग काढल्यावर, खालून पोकळ किंवा खडी उघडी पडलेली जागा नाही हे बघून. टेकू कधी काढायचे ते इंजिनिअर ठरवेल. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असेल तर स्लॅबखाली किमान ७ दिवस, त्यापुढे १४, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली १४. सळईची तपासणी मात्र काँक्रीट येण्याआधीच हवी. एकदा झाकली गेली, की काय घातलं होतं ते फोटोशिवाय सांगता येत नाही.

करारात टप्प्याचं नाव लिहून भागत नाही, तो कधी "पूर्ण" धरायचा तेही लिहा. "वॉटरप्रूफिंग झालं" यावर वाद होतो. "बाथरूममध्ये ४८ तास पाणी साठवून खाली ओल आली नाही" यावर होत नाही. हे पाणी लाद्या बसवायच्या आधी भरायचं. शेवटचे ५ टक्के, म्हणजे दीड लाख, पूर्ण एक पावसाळा जाईपर्यंत राखा. फेब्रुवारीत ताबा मिळाला तर ऑक्टोबरात द्या. आपल्याकडचा जुलै गच्ची आणि खिडक्यांची परीक्षा फुकटात घेतो.

पैसे करारात लिहिलेल्या एकाच खात्यावर पाठवा. खातं नवीन जोडलं की आधी एक रुपया पाठवून नाव पडताळा. दोन लाख किंवा जास्त असेल तर आरटीजीएस, कमी असेल तर एनईएफटी. शेऱ्याच्या रकान्यात टप्पा टाका, उदा. `SLAB1-2`. "आज शालकाच्या खात्यावर टाका" असं ऐकू नका. नंतर "ते आमच्यातलं उसनं होतं" म्हणायला वाट राहते. सळईवाल्याला थेट द्यायचेच असतील, तर काँट्रॅक्टरकडून "ही रक्कम अमुक टप्प्यातून वळती करावी" असं लिहून घ्या आणि बिलाची प्रत ठेवा. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, दंड घेणाऱ्याला होतो. रोकड मागणाऱ्याला हे सांगून बघा.

प्रत्येक टप्प्याला एक पान पुरतं: टप्पा, तारीख, रक्कम, यूटीआर क्रमांक, आतापर्यंतची बेरीज, शिल्लक आणि दोघांच्या सह्या. सोबत त्याच दिवसाचे फोटो आणि इंजिनिअरचा शेरा. वाढीव कामाला वेगळं पान, दर ठरवून, काम सुरू व्हायच्या आधी. बहुतेक भांडणं मुख्य रकमेवरून होत नाहीत, "तुम्हीच म्हणालात ना, ओटा वाढवा" यावरून होतात.